मनाच्या श्लोकांचे परीक्षक म्हणून बसताय? या चुका टाळा

इंदूरच्या मराठी वस्त्यांत मनाच्या श्लोकांची पाठांतर स्पर्धा ठरली की परीक्षक शोधायला कुणी फार वेळ घालवत नाही. "तुम्हाला श्लोक येतात ना, मग बसा," एवढं पुरतं. उच्चार, लय, पाठांतर आणि भाव असे चार रकाने असलेला कागद हातात येतो आणि मुलांनी महिनाभर केलेल्या तयारीचा निकाल तिथे लागतो. म्हणून मला या घाईचा राग येतो.

सगळ्यात जास्त नुकसान करणारी चूक म्हणजे वृत्त माहीत नसताना उच्चार तपासणं. मनाचे श्लोक भुजंगप्रयातात आहेत. प्रत्येक चरणात बारा अक्षरं, आणि लघु-गुरु-गुरु हा गट चार वेळा. ग-णा-धी, श-जो-ई, श-सर्-वां, गु-णां-चा. हे कानात बसलेलं नसेल तर पहिल्याच श्लोकात घात होतो.

लोकमान्यनगरातल्या एका स्पर्धेत तसंच झालं. एका मुलीने शेवटचा चरण "गमूं पंथ आनंत या राघवाचा" असा स्वच्छ म्हटला. माझ्या शेजारच्या परीक्षकांनी तिचे उच्चाराचे दोन गुण कापले, कारण शब्द 'अनंत' आहे. मागून आलेल्या मुलाने 'अनंत' म्हटलं, त्याला पूर्ण गुण. बेरीज झाली तेव्हा मुलगी एका गुणाने मागे. निकाल वाचण्याआधी मी पोथी पुढे केली. "काका, मुळात 'आनंत'च आहे." ते म्हणाले, "छपाईची चूक असेल." मग मी टेबलावर बोटाने वाजवून दाखवलं: ग-मूं-पं, थ-आ-नं, त-या-रा, घ-वा-चा. 'आ'च्या जागी 'अ' घातला की 'थ' आणि 'अ' असे दोन लघु शेजारी येतात आणि ताल तिथेच लंगडतो. वृत्तासाठी समर्थांनी तो स्वर दीर्घ केला आहे. त्यांनीही एकदा वाजवून पाहिलं, आणि कापलेले गुण परत दिले. तेव्हापासून स्पर्धेआधी सगळ्या परीक्षकांनी नेमलेले श्लोक एकत्र मोठ्याने म्हणावेत असा माझा आग्रह असतो. अशा जागांखाली मी पेन्सिलने रेघ मारून ठेवते. 'भक्तिपंथेचि'मधला 'ति' आणि 'चि' दोन्ही ऱ्हस्वच हवेत. तिथेही नेमकं उलटं तपासलं जातं.

दुसरी चूक म्हणजे एकाच दोषाचे गुण पुन्हा पुन्हा कापणं. आपली मुलं शाळेत दिवसभर हिंदी किंवा इंग्रजी बोलतात. 'मुळारंभ'चं 'मुलारंभ' झालं की पुढे 'मूळ'चंही 'मूल' होणारच. ती एक सवय आहे, तिचे गुण एकदाच कापा. "प्रभाते मनीं राम चिंतीत जावा" म्हणताना मूल 'राम्' आणि 'चिंतीत्' म्हणतं, आणि बारा अक्षरांची दहा होतात. हा दोष मी लयीच्या रकान्यात धरते; उच्चारात पुन्हा धरत नाही. कुठला दोष कुठल्या रकान्यात, हे आधी ठरलं नाही तर दोन परीक्षक एकाच मुलाला दोन वेगळ्या शिक्षा देतात.

'च'कडे मात्र कान द्या. पहिल्या श्लोकात 'गुणांचा', 'निर्गुणाचा' आणि 'राघवाचा' यांतला 'चा' चमच्यातल्या 'च'सारखा, पण 'वाचा'तला चंद्रातल्या 'च'सारखा. यमकाच्या ओघात चारही सारखे होतात. चारही बरोबर म्हणणारं मूल कुणाकडून तरी समोर बसून शिकलेलं असतं. मोबाइलवर चाल ऐकवून चार दिवसांत मूल उभं करणाऱ्या पालकांची घाई इथे उघडी पडते.

पाठांतरात थांबणं दिसतं, उडी दिसत नाही. 47व्या श्लोकापासून ओळीने कितीतरी श्लोकांचा शेवट "जगीं धन्य तो दास सर्वोत्तमाचा" हाच आहे. शेवट सारखा, त्यामुळे मूल एका श्लोकावरून भलत्याच श्लोकावर जातं, तेही न अडखळता. परीक्षक माना डोलावतात आणि दोन क्षण थांबून नीट आठवणाऱ्या मुलाचे गुण जातात. पोथीवर बोट ठेवून ऐकलं तरच हे पकडता येतं. मी सुटलेल्या श्लोकाचा आकडा लिहिते आणि उडीचे गुण थांबण्यापेक्षा जास्त कापते.

भाव म्हणजे हातवारे नव्हेत. 'मना सज्जना'तलं आर्जव आवाजात आलं की पुरे.

पहिल्या तीन मुलांचे गुण पेन्सिलने लिहा आणि चौथं मूल झाल्यावर पुन्हा पाहा. सुरुवातीला हात नेहमी आखडलेला असतो. आणि बेरजेआधी सगळ्यांचे कागद शेजारी ठेवा. एक परीक्षक पन्नासपैकी 30 ते 48 देतो आणि दुसरा 42 ते 45, तर निकाल एकट्या पहिल्याचाच लागतो. अशा वेळी प्रत्येकाने आपल्या कागदावर क्रमांक लावावेत आणि बेरीज त्या क्रमांकांची करावी.