Km आणि Vmax कसे मोजावे, आणि kcat/Km वरून काय ओळखावे

बीएस्सीच्या प्रॅक्टिकलमध्ये अल्कलाइन फॉस्फटेजचा प्रयोग बहुतेकांनी केलेला असतो. पॅरा-नायट्रोफेनिल फॉस्फेट (सगळे त्याला पीएनपीपीच म्हणतात) हा रंगहीन सब्स्ट्रेट घ्यायचा, एन्झाइम घातलं की फॉस्फेट तुटतो आणि पिवळा पॅरा-नायट्रोफेनॉल सुटतो. पिवळेपणा ४०५ नॅनोमीटरला मोजला की अभिक्रियेचा वेग कळतो. जर्नलमध्ये आलेख येतो, Km येतो, सही होते. तो आकडा बरोबर आहे की नाही, हे मात्र सहसा कुणी विचारत नाही. इथे हाच प्रयोग घेऊन आकडा विश्वासाचा कसा करायचा ते पाहू. हिशेब सोपा राहावा म्हणून मोजमापं मी सोयीची धरली आहेत.

आधी बफर ठीक करा

pH ९ च्या आसपासचा ट्रिस बफर घ्या आणि त्यात थोडं मॅग्नेशियम क्लोराइड घाला. फॉस्फेट बफर किंवा पीबीएस चुकूनही वापरू नका. अजैविक फॉस्फेट हे या अभिक्रियेचं उत्पादन आहे आणि ते सक्रिय स्थानावर जाऊन बसतं, म्हणजे सब्स्ट्रेट पोचायच्या आधीच जागा अडलेली असते. ईडीटीएही नको, कारण या एन्झाइमला झिंक लागतं आणि ईडीटीए ते ओढून घेतं. pH अल्कधर्मी ठेवण्याचं आणखी एक कारण म्हणजे पिवळा रंग आयन झालेल्या नायट्रोफेनॉलचाच असतो. pH ७ च्या जवळ गेलं की निम्मा रंग गायब होतो आणि एन्झाइम मंद आहे असं उगाच वाटतं.

पीएनपीपीचं द्रावण आदल्या आठवड्याचं असेल आणि बाटलीतच पिवळसर दिसत असेल तर ते फेकून द्या. तो आपोआपही हळूहळू तुटतो, म्हणून प्रत्येक संहतीसाठी एन्झाइम न घातलेला ब्लँक वेगळा लावायचा.

सुरुवातीचा वेग मोजा, शेवटचा रंग नव्हे

एक मिलिलिटरच्या क्युव्हेटमध्ये सब्स्ट्रेट आणि बफर आधी २५ अंशांवर स्थिर होऊ द्या. मग १० मायक्रोलिटर एन्झाइम घालून झटकन ढवळा आणि अ‍ॅब्सॉर्बन्स सेकंदागणिक नोंदवत जा. समजा क्युव्हेटमध्ये सक्रिय स्थानांची संहती २ नॅनोमोलर आहे. हे एन्झाइम दोन उपएककांचं असतं आणि प्रत्येक उपएककावर एक सक्रिय स्थान असतं, म्हणून रेणू मोजले तर ते १ नॅनोमोलरच भरतील. हा दुपटीचा फरक पुढे kcat मध्ये थेट उतरतो.

सब्स्ट्रेटच्या संहती १०, २५, ५०, १००, २०० आणि ५०० मायक्रोमोलर घेऊ. नायट्रोफेनॉलचा मोलर शोषण गुणांक साधारण १८,००० धरला तर १ सेंटिमीटरच्या क्युव्हेटमध्ये ०.०१८ अ‍ॅब्सॉर्बन्स म्हणजे १ मायक्रोमोलर उत्पादन. मिनिटाला ०.०१२, ०.०२४, ०.०३६, ०.०४८, ०.०५७६ आणि ०.०६५५ अशी वाढ मिळाली, तर वेग होतात ०.६७, १.३३, २.००, २.६७, ३.२० आणि ३.६४ मायक्रोमोलर प्रति मिनिट.

पहिली अडचण अगदी खालच्या संहतीला येते. १० मायक्रोमोलरला वेग ०.६७ आहे, म्हणजे तीन मिनिटांत २ मायक्रोमोलर, अर्थात पाचवा हिस्सा सब्स्ट्रेट संपला. सब्स्ट्रेट घटला की वेगही घटतो आणि उत्पादन अडथळा करायला लागतं, त्यामुळे वेळेविरुद्धची रेषा वाकते. तीन मिनिटांची सरासरी घेणारा माणूस इथे वेग कमी मोजतो. सब्स्ट्रेटचा दहावा हिस्सा खर्च होईपर्यंतचाच सरळ भाग वापरायचा. इथे तो दीड मिनिटाचा आहे आणि तेवढ्यात अ‍ॅब्सॉर्बन्स फक्त ०.०१८ ने वाढतो. यंत्राला तो नीट वाचता येत नसेल तर एन्झाइम निम्मं करून वेळ दुप्पट करा. खर्च तेवढाच होईल, पण रेषेवर बिंदू जास्त मिळतील आणि ढवळण्यात गेलेल्या सेकंदांचा त्रासही कमी होईल.

वक्र वाचा, पण डोळ्यांनी नको

हे सहा वेग संहतीविरुद्ध मांडले की आलेख आधी जवळजवळ सरळ चढतो आणि मग सपाट होत जातो. सब्स्ट्रेट कमी असताना बहुतेक सक्रिय स्थानं रिकामी असतात, त्यामुळे सब्स्ट्रेट दुप्पट केला की वेगही जवळजवळ दुप्पट होतो. सब्स्ट्रेट भरपूर झाला की जवळजवळ प्रत्येक स्थान व्यापलेलं असतं. मग आणखी ओतून उपयोग नाही, एन्झाइम हातातलं काम संपवून मोकळं होईल तेवढ्याच वेगाने पुढचं घेणार. यालाच संपृक्तता म्हणतात. लिओनोर मिखाएलिस आणि मॉड मेंटेन यांनी १९१३ मध्ये इन्व्हर्टेजवर काम करताना याचं जे समीकरण मांडलं, तेच आजही वापरतो:

v = Vmax·[S] / (Km + [S])

Vmax म्हणजे सगळी स्थानं भरलेली असताना मिळेल तो वेग. तो एन्झाइम किती घातलं यावर ठरतो, त्यामुळे एन्झाइम दुप्पट घातलं की तोही दुप्पट होतो. Km म्हणजे ज्या संहतीला वेग Vmax च्या निम्मा असतो ती संहती. एन्झाइम कमी-जास्त केलं तरी ती हलत नाही.

आता वक्र डोळ्यांनी वाचला तर काय होतं ते बघा. शेवटचा बिंदू ३.६४ वर आहे, आलेख सपाट दिसतो, म्हणून Vmax ३.६४ धरला. त्याच्या निम्म्यावर, म्हणजे १.८२ वर, आडवी रेघ ओढली की Km ४२ येतो. हे आकडे ज्या समीकरणातून काढले आहेत त्यात खरा Vmax ४ आहे आणि Km ५०. सब्स्ट्रेट Km च्या दहापट झाला तरी वेग Vmax च्या ९१ टक्क्यांवरच असतो. वक्र छताला कधी टेकतच नाही, म्हणून छत गणितानेच काढावं लागतं.

व्यस्त आलेखावर विसंबू नका

कॉलेजात यावर उपाय म्हणून लाइनवीव्हर-बर्क आलेख शिकवतात: दोन्ही बाजूंचे व्यस्तांक घ्या, सरळ रेषा ओढा, छेदावरून Vmax काढा. ही पद्धत १९३४ ची, कॅल्क्युलेटरही नसलेल्या काळातली, आणि तेव्हा ती सोयीची होती. आज ती वापरण्याचं कारण मला तरी दिसत नाही.

वरच्याच आकड्यांत फक्त एक चूक करू. १० मायक्रोमोलरला अ‍ॅब्सॉर्बन्सची वाढ ०.०१२ ऐवजी ०.०१० वाचली गेली. फरक ०.००२ चा, जो साध्या स्पेक्ट्रोफोटोमीटरवर रोज पडतो. वेग ०.६७ ऐवजी ०.५६ झाला. त्याचा व्यस्तांक १.५ वरून १.८ वर जातो, आणि हाच बिंदू आलेखाच्या सर्वांत टोकाला असल्याने तो सगळी रेषा स्वतःकडे ओढतो. साध्या रेषीय समाश्रयणाने Vmax ४.८ येतो आणि Km ७४. तीच चूक ठेवून मूळ समीकरण थेट बसवलं तर Vmax सुमारे ४.०३ आणि Km सुमारे ५२ येतो. एक्सेलच्या सॉल्व्हरमध्ये हे जमतं. पायथॉनमध्ये इतकंच लागतं:

```python
import numpy as np
from scipy.optimize import curve_fit
S = np.array([10, 25, 50, 100, 200, 500])
v = np.array([0.56, 1.33, 2.00, 2.67, 3.20, 3.64])
f = lambda S, Vmax, Km: Vmax * S / (Km + S)
p, c = curve_fit(f, S, v, p0=[4, 50])
print(p, np.sqrt(np.diag(c)))
```

शेवटची ओळ Vmax आणि Km बरोबर त्यांची प्रमाणित त्रुटीही छापते. त्रुटी मोठी दिसली तर बहुधा Km च्या वरच्या किंवा खालच्या बाजूला पुरेसे बिंदू घेतलेले नसतात.

Km म्हणजे घट्टपणा नव्हे

‘Km जितका कमी तितकं एन्झाइम सब्स्ट्रेटला घट्ट धरतं’ हे वाक्य परीक्षेत गुण देतं, पण ते अर्धंच खरं आहे. ब्रिग्ज आणि हाल्डेन यांनी १९२५ मध्ये दाखवलं की Km मध्ये तीन वेग मिसळलेले असतात: सब्स्ट्रेट बसण्याचा, तो तसाच निसटण्याचा आणि त्याचं उत्पादन होऊन बाहेर पडण्याचा. (हे तेच हाल्डेन, जे १९५७ मध्ये भारतात आले आणि इथलेच झाले.) उत्पादन होण्याचा वेग निसटण्याच्या वेगापेक्षा फारच कमी असेल, तरच Km म्हणजे पकडीचं माप. एरवी त्याला ‘निम्म्या वेगाची संहती’ म्हणावं आणि थांबावं.

kcat काढा, मग भागाकार करा

Vmax ला सक्रिय स्थानांच्या संहतीने भागलं की kcat मिळतो. ४ मायक्रोमोलर प्रति मिनिट भागिले ०.००२ मायक्रोमोलर, म्हणजे मिनिटाला २,००० किंवा सेकंदाला सुमारे ३३. एक स्थान पूर्ण भरतीत सेकंदाला ३३ रेणू तोडतं. इथे भागाकारात जिवंत एन्झाइमच हवं. फ्रीजमध्ये निम्मं एन्झाइम मेलेलं असेल तर Km बरोबर येईल, पण kcat निम्मा दिसेल, आणि आलेखाकडे पाहून ते कधीच कळणार नाही.

kcat ला Km ने भागल्यावर ३३ भागिले ०.००००५ मोलर, म्हणजे प्रति मोलर प्रति सेकंद सुमारे ६ लाख ७० हजार येतात. याचा अर्थ कमी सब्स्ट्रेटच्या टोकाला लागतो. [S] हा Km पेक्षा खूपच लहान असेल तर समीकरणाच्या छेदातला [S] सोडून देता येतो आणि v = (kcat/Km)·[E]·[S] एवढंच उरतं. म्हणजे हा आकडा मोकळं एन्झाइम आणि मोकळा सब्स्ट्रेट यांची भेट किती वेळा सत्कारणी लागते ते सांगतो. पाण्यात दोघांची गाठ पडण्यालाच मर्यादा असल्याने त्याला छत आहे, १० कोटी ते १०० कोटींच्या दरम्यान.

कार्बॉनिक अ‍ॅनहायड्रेजचा kcat सेकंदाला १० लाख आहे, अ‍ॅसिटिलकोलिनएस्टरेजचा जेमतेम १४ हजार. तरी kcat/Km मध्ये दुसरं पुढे जातं: पहिल्याचा सुमारे ८ कोटी, दुसऱ्याचा १६ कोटी, कारण पहिल्याचा Km १२ मिलिमोलर आहे आणि दुसऱ्याचा ०.०९. पण यावरून ‘दुसरं एन्झाइम जास्त चांगलं’ असं म्हणू नये. सब्स्ट्रेट भरपूर असेल तर तुलना kcat वरच होते, आणि दोघांचे सब्स्ट्रेट तर मुळातच वेगळे आहेत.

हा भागाकार खरा उपयोगी पडतो तो एकाच एन्झाइमपुढे दोन सब्स्ट्रेट भांडत असताना. तेव्हा दोन्ही वेगांचं गुणोत्तर म्हणजे त्यांच्या kcat/Km चं गुणोत्तर गुणिले संहतींचं गुणोत्तर. सब्स्ट्रेट कमी असो वा जास्त, हे लागू पडतं. पानातलं रुबिस्को कार्बन डायऑक्साइड आणि ऑक्सिजन दोन्ही घेतं. गहू-तांदळासारख्या पिकांत कार्बन डायऑक्साइडचा kcat/Km ऑक्सिजनच्या साधारण ८० ते १०० पट असतो. हे ऐकून ऑक्सिजनचा प्रश्नच संपला असं वाटेल. पण पानातल्या पाण्यात ऑक्सिजन सुमारे २५० मायक्रोमोलर असतो आणि कार्बन डायऑक्साइड १० च्या आसपास. ८० गुणिले १० भागिले २५०, उत्तर ३.२. म्हणजे दर तीन-चार वेळा कार्बन पकडल्यावर एकदा ऑक्सिजन पकडला जातो आणि तो कार्बन परत मिळवायला झाडाला ऊर्जा खर्चावी लागते. ऊस आणि ज्वारी यातून सुटतात. त्यांचं रुबिस्को यात काही फार सरस नसतं; पानाच्या आतल्या पेशींत कार्बन डायऑक्साइड साठवून ती दुसरं गुणोत्तर बदलतात.