सिस्टरला चादर द्यावी का? दवाखान्यातली आभाराची भेट आणि या चुका टाळा

आईच्या खुब्याचं हाड मोडलं तेव्हा ती सोलापुरातल्या एका सरकारी दवाखान्यात अकरा दिवस होती. ऑपरेशन डॉक्टरांनी केलं, पण तिच्या पाठीला एकही जखम झाली नाही ती वॉर्डातल्या सिस्टरांमुळे. दर दोन तासांनी तिला कुशीवर वळवायचं, मध्ये उशी सरकवायची, हे त्या रात्री दोनलाही न चुकता करायच्या. मला तर पहिल्या दोन रात्री खुर्चीतच झोप लागली होती.

डिस्चार्जच्या सकाळी मी दोन सोलापुरी चादरी आणि दोन हजार रुपयांचं पाकीट घेऊन नर्सिंग स्टेशनवर गेलो. सिस्टरांनी पिशवी पाहिली, आजूबाजूला पाहिलं आणि हळूच म्हणाल्या, "दादा, हे आधी उचला. तुमचं कार्ड अजून सहीला गेलंय." मला राग आला. आपण प्रेमानं देतोय आणि यांना नको! त्यांची अडचण कळायला मला आठवडा लागला. त्या एका पिशवीत मी चार-पाच चुका भरून नेल्या होत्या.

पहिली चूक वेळेची. डिस्चार्ज कार्ड, सर्टिफिकेट, विम्याचा कागद, पुढची तारीख, यातलं काहीही बाकी असताना दिलेली वस्तू कितीही निर्मळ मनानं दिली तरी बघणाऱ्याला ती कामासाठी दिल्यासारखीच दिसते. शेजारच्या बेडवरचा नातेवाईक लगेच हिशेब करतो: यांनी दिलं म्हणून यांचं झालं, आता आपणही काहीतरी आणायला हवं. म्हणून भेट द्यायचीच तर सगळे कागद हातात आल्यावर, शक्यतो टाके काढायला किंवा तपासणीला परत जाल तेव्हा द्या. ज्यांचं डायलिसिस किंवा केमो चालू आहे त्यांचं नातं संपतच नाही. अशांनी वस्तू बाजूला ठेवून खाली सांगितलेल्या पत्रावर भागवावं.

दुसरी चूक पैशांची. पाकिटात किती होते हा प्रश्नच नाही. सरकारी डॉक्टर, सिस्टर, वॉर्डबॉय हे लोकसेवक आहेत आणि त्यांना १९८८ चा भ्रष्टाचार प्रतिबंधक कायदा लागू होतो. २०१८ च्या दुरुस्तीनंतर लाच देणाराही थेट गुन्हेगार ठरतो आणि त्याला सात वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. काम झाल्यावर खुशीनं दिलेला पेढा म्हणजे लाच नव्हे, हे खरं. कायदा पाहतो ते गैरवाजवी काम करून घेण्यासाठी किंवा त्याचं बक्षीस म्हणून दिलं का, हे. पण रोख रकमेच्या बाबतीत हा फरक सिद्ध करत बसण्याची वेळ घेणाऱ्यावर येते. शिवाय राज्य कर्मचाऱ्यांना १९७९ चे वर्तणूक नियम आहेतच. ज्यांच्याशी कामाचा संबंध येतो त्यांच्याकडून भेट घेण्यावर त्यात बंधनं आहेत, आणि भेट म्हणजे फक्त वस्तू नव्हे, फुकटचा प्रवास किंवा राहण्याची सोयही त्यात मोडते. चहापाणी, सहज झालेलं जेवण मात्र त्यात धरत नाहीत. माझ्या चादरी परत आल्या आणि पुढे नेलेला खाऊ चालला, त्यामागचं कारण हेच.

उलटी बाजूही सांगतो, कारण ती जास्त छळते. बाळ जन्मल्यावर "खुशी द्या", स्ट्रेचर ढकलल्यावर "चहापाण्याचं बघा", आणि मुलगा झाला की रक्कम वाढते. मागून घेतलेली ती भेट नव्हे. आधी इन्चार्ज सिस्टरांना, मग वैद्यकीय अधीक्षकांना सांगा. अडवणूकच असेल तर लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा १०६४ हा टोल-फ्री क्रमांक आहे. नाइलाजानं द्यावे लागलेच तर सात दिवसांच्या आत पोलिसांकडे किंवा तपास यंत्रणेकडे तक्रार करा, म्हणजे देणाऱ्याला कायदा संरक्षण देतो. ही मुदत बहुतेकांना माहीतच नसते.

तिसरी चूक चादरीची. सोलापुरात कोणाच्या घरात चादर कमी असते? लग्न, वास्तुशांती, सत्कार, निवृत्ती, सगळीकडून आलेल्या आठ-दहा चादरी प्रत्येक कपाटात घड्या घालून पडलेल्या असतात. ती पुण्या-मुंबईच्या पाहुण्याला द्यायची वस्तू. साडी, घड्याळ, सोन्याचं काहीही तर अजिबात नको. पुरुष नातेवाइकानं तरुण सिस्टरला साडी नेली तर तिला ती घेताही येत नाही आणि नाकारताही येत नाही. फुलांचे हार-गुच्छ आयसीयूत बहुतेक ठिकाणी आत घेत नाहीत. आणि ओपीडीत चाळीस माणसांची रांग उभी असताना डॉक्टरांना शाल, श्रीफळ, फेटा घालून फोटो काढणारेही मी पाहिलेत. त्या वेळी डॉक्टरांचं लक्ष फेट्याकडे नसतं, घड्याळाकडे असतं.

चौथी चूक वाटणीची, आणि तीच सगळ्यात जास्त लोक करतात. पेढ्याचा मोठा बॉक्स सकाळी अकराला नेऊन ठेवायचा. तो कोण खातं? सकाळची पाळी. ज्या सिस्टरनं आईला रात्री वळवलं तिला रिकामा बॉक्सही दिसत नाही. वॉर्डात तीन पाळ्या असतात, शिवाय मावशी आणि मामा लोक वेगळे. भांडं देणारी, चादर बदलणारी मावशी यादीत सहसा नसतेच.

टाके काढायच्या दिवशी मी दुरुस्ती केली ती अशी. दुकानातून शेंगा चटणीची सीलबंद पाकिटं आणि कडक भाकरीची पुडकी घेतली. पेढे-बर्फी एका दिवसात खपवावी लागते, उकाड्यात तर बिघडतेच. शेंगा चटणी आणि कडक भाकरी आठवडाभर टिकते, डबा उघडून दोन घास खाल्ले तरी चालतं, आणि रात्रीच्या पाळीला पहाटे तीनला भूक लागते तेव्हा कॅन्टीन बंद असतं. घरची चटणी जास्त चांगली, हे मान्य. पण घरच्या डब्यावर तारीख नसते, आणि शेंगदाण्याची अॅलर्जी असणारा कोणी असला तर त्याला आत काय आहे ते वाचता येत नाही. म्हणून सीलबंदच.

चार पिशव्या केल्या. तीन पाळ्यांच्या तीन, चौथी मावशी-मामांची. प्रत्येकीवर जाड पेनानं लिहिलं: "सकाळ", "दुपार", "रात्र", "मावशी-मामा". मग चारही इन्चार्ज सिस्टरांच्या हातात, टेबलावर, सगळ्यांदेखत दिल्या. कोपऱ्यात गाठून दिलेल्या भेटीचा वास वेगळा येतो. या वेळी कोणी इकडेतिकडे पाहिलं नाही. खर्च चादरींच्या निम्म्याहून कमी.

पाचवी चूक पत्राची: पत्रच न लिहिणं, किंवा "सर्व स्टाफ खूप छान आहे" एवढंच लिहिणं. सिस्टरच्या नोकरीत उपयोगी पडणारी एकच भेट असेल तर ती म्हणजे नावानिशी, वरिष्ठांच्या टेबलावर पोचलेला कागद. तक्रारीची पत्रं तिथे रोज जातात. मी लिहिलं ते साधारण असं:

"मा. वैद्यकीय अधीक्षक यांस. माझी आई अस्थिरोग वॉर्डात अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत दाखल होती. आंतररुग्ण क्रमांक अमुक. परिचारिका श्रीमती अमुक यांनी रात्रपाळीत दर दोन तासांनी तिची कूस बदलली, त्यामुळे तिला पाठीवर एकही जखम झाली नाही. श्रीमती अमुक यांनी वॉकर धरून उभं राहायला शिकवलं. दोघींच्या कामाची कृपया नोंद घ्यावी. प्रत: अधिसेविका."

रुग्ण क्रमांक डिस्चार्ज कार्डावर असतो. नाव ओळखपत्रावरून नीट उतरवून घ्या, कारण एकाच वॉर्डात एकाच आडनावाच्या तिघी असू शकतात. पत्राच्या तीन प्रती करा, एक आवक-जावक टेबलावर, एक अधिसेविकांना द्या आणि तिसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख, आवक क्रमांक घ्या. शिक्का नसेल तर पत्र कुठल्या फायलीत गेलं ते कोणालाच सांगता येत नाही. त्या शिक्क्याच्या प्रतीची झेरॉक्स सिस्टरला द्या.

एक सूचना मात्र मनापासून: पत्रात भलतं कौतुक करू नका. "भेटीची वेळ संपल्यावरही आम्हाला बसू दिलं", "रांगेत थांबू न देता आधी एक्स-रे काढून दिला", "बेड नसतानाही सोय केली", ही वाक्यं वाचताना गोड वाटतात, पण ती सिस्टरविरुद्धचा पुरावा होतात. माझ्या पहिल्या मसुद्यात यातलं एक वाक्य होतं. बायकोनं खोडलं.

फोटोचंही असंच आहे. पिशव्या देतानाचा फोटो नात्यातल्या ग्रुपवर टाकायचा मोह होतो, पण मागच्या बेडवर कोणाची तरी आजी अर्धवट उघडी झोपलेली असते. वॉर्डात मोबाइल खिशातच ठेवलेला बरा.

खासगी दवाखान्यात लोकसेवकाचा प्रश्न येत नाही, पण व्यवस्थापनाचे नियम असतात. रिसेप्शनवर एकदा विचारून घ्या: "स्टाफला खाऊ आणला तर चालतो का?" डॉक्टरांच्या २००२ च्या आचारसंहितेत पेशंट पाठवण्याबद्दल भेट किंवा कमिशन घ्यायला मनाई आहे, औषध कंपन्यांच्या भेटींनाही आहे. बऱ्या झालेल्या पेशंटनं आणलेला चटणीचा पुडा त्यात येत नाही. बिलावर सवलत मागून झाल्यावर लगेच भेट काढू नका, एवढं पाळलं तरी पुष्कळ.

काहींना मोठं काही द्यायचं असतं, वॉकर किंवा व्हीलचेअर. ती सिस्टरच्या ताब्यात देऊन येऊ नका. आधी अधीक्षकांना अर्ज द्या, गरज आहे का ते विचारा, आणि वस्तू डेड स्टॉक रजिस्टरला चढली याची पोच घ्या. नोंद नसलेली व्हीलचेअर सहा महिन्यांनी कुठे असते हे विचारू नये.

आणि पेशंट वाचला नाही तर? तेव्हा कोणीच परत जात नाही, हे मला त्याच सिस्टरांनी पत्राची झेरॉक्स घडी घालून पर्समध्ये ठेवताना सांगितलं. तेराव्यानंतर कधीही, पेढ्यांशिवाय, हेच पत्र नेलं तरी चालतं. त्यात फक्त शेवटच्या दिवसांत कोणी काय केलं ते लिहायचं.