बाळंतिणीचं तेल-पाणी करताना या चुका टाळा

बाळंतिणीला मालिश करायला गेले की तेल कोमट करण्याआधी मी तिचे दोन्ही पाय शेजारी ठेवून बघते. दोन्ही पावलांवर सारखी सूज असेल तर ती बहुधा काही दिवसांत उतरते. पण एकाच पोटरीला सूज असेल, ती गरम लागत असेल, पाऊल टेकताना दुखत असेल, तर त्या पायाला हात लावायचा नाही. बाळंतपणानंतर साधारण सहा आठवडे शिरेत रक्ताची गाठ होण्याचा धोका जास्त असतो आणि चोळल्याने ती सुटून फुप्फुसात जाऊ शकते.

एका सिझेरियन झालेल्या मुलीच्या सासूबाई आठव्या दिवशी म्हणाल्या, "झोपून झोपून पाय अवघडलाय, जरा जोरात चोळा." मी दोन्ही पोटऱ्या गुडघ्याखाली सारख्याच अंतरावर शिंप्याच्या टेपने मोजल्या. डावी तीन सेंटिमीटरने जाड निघाली. तेल बाजूला ठेवून तिला त्याच दिवशी दवाखान्यात पाठवलं. सोनोग्राफीत गाठ दिसली आणि रक्त पातळ करायची इंजेक्शनं सुरू झाली. फरक कमी भरला तरी लक्षणं असतील तर डॉक्टरांना दाखवायचंच.

सिझेरियनवालीचं पोट जखम भरून डॉक्टर हो म्हणेपर्यंत चोळू नये. पाठ, खांदे, हात हलक्या हाताने चालतात. बाळाला घेऊन तिचे खांदे भरून आलेले असतात आणि खरा आराम तिला तिथेच हवा असतो.

बाळाच्या बाबतीत छाती पिळण्याची चूक अजून घरोघरी होते. मुलगा असो की मुलगी, जन्मानंतर थोड्या दिवसांत स्तन फुगतात, कधी दुधाचा थेंबही येतो. आईच्या संप्रेरकांचा तो परिणाम असतो आणि काही आठवड्यांत आपोआप ओसरतो. पिळलं की जंतू शिरून पू होतो. एक बाजू लाल, कडक झाली किंवा बाळाला ताप आला तर लगेच डॉक्टर गाठावा. नाकात तेलाचे थेंबही घालू नयेत, ते श्वासाबरोबर फुप्फुसात उतरतात. नाळ पडेपर्यंत बेंबी कोरडी ठेवावी, तिच्यावर तेल-हळद काही नको.

जेवणात मोठी चूक पाणी तोडण्याची. डिंकाचे लाडू, तूप, भात भरपूर आणि पाणी मात्र घोटभर, मग शौचाला कुंथावं लागतं आणि टाके ताणले जातात. मी दर पाजण्याच्या वेळी शेजारी पाण्याचा तांब्या ठेवते. ताटात मुगाचं वरण, दुधी किंवा पालेभाजी, मऊ भाकरी असते आणि लाडू दिवसाला एकच.

गुटी मी उगाळत नाही. सहा महिने बाळाला आईचं दूधच द्यावं, आणि मध तर वर्षाच्या आत चाटवूच नये, त्यातल्या जंतूंमुळे बाळाचे स्नायू लुळे पडू शकतात.