पगारपत्रकात आयकराचा तक्ता मांडण्याआधी

निपाणीतली पतसंस्था असो की बेळगावच्या उद्यमबागेतला छोटा कारखाना, पगारपत्रकाच्या शीटमध्ये आयकराच्या खान्यात बहुतेक वेळा एकात एक अडकवलेल्या IF ची लांबच लांब माळ सापडते. ती लिहिणारा नोकरी सोडून गेलेला असतो आणि अर्थसंकल्पात टप्पे बदलले की तिला हात लावायची कुणाची छाती होत नाही. ती दुरुस्त करत बसू नका. त्याऐवजी नवीन करपद्धतीसाठी एक छोटा तक्ता मांडा. त्यासाठी काय काय जवळ हवं, ते कामाच्या क्रमानेच सांगतो.

आधी आकडे गोळा करा. वर्षाचा एकूण पगार म्हणजे मूळ पगार, महागाई भत्ता, घरभाडे, बोनस, थकबाकी, सगळं धरून. त्यातून नवीन पद्धतीत ७५,००० रुपयांची प्रमाणित वजावट जाते. दरमहा कापलेला व्यवसाय कर मात्र इथे वजा करायचा नाही. ती सोय जुन्या पद्धतीत आहे, आणि जुन्या शीटवरून नवी तयार करताना ते २,५०० रुपये हमखास सोबत येतात. कर्मचाऱ्याने ठेवींचं व्याज कळवलं असेल तर ते उत्पन्नात मिळवा. शेअर विकून झालेला नफा या तक्त्यात घालू नका, त्याचे दर निराळे आहेत.

आता तक्ता. नवीन शीट उघडून तिला Slab नाव द्या. A स्तंभात टप्पा जिथून सुरू होतो ती रक्कम, C स्तंभात त्या टप्प्याचा दर. २०२५-२६ साठी A2 पासून A8 पर्यंत ०, ४ लाख, ८ लाख, १२ लाख, १६ लाख, २० लाख आणि २४ लाख, आणि त्यांच्यासमोर ०, ५, १०, १५, २०, २५ आणि ३० टक्के. मधला B स्तंभ महत्त्वाचा. त्यात त्या टप्प्याच्या पायथ्यापर्यंत साचलेला कर येतो. B2 मध्ये ० लिहा, B3 मध्ये खालचं सूत्र घाला आणि B8 पर्यंत ओढा.

```
=B2+(A3-A2)*C2
```

B स्तंभात ०, ०, २०,०००, ६०,०००, १,२०,०००, २,००,००० आणि ३,००,००० दिसलं की तक्ता बरोबर आहे. हे आकडे हाताने लिहू नका, नाहीतर पुढच्या वर्षी A आणि C बदलतील आणि B जुनाच राहील.

छापील तक्त्यात टप्पा "४,००,००१ ते ८,००,०००" असा लिहिलेला असतो. A मध्ये तो वरचा एक रुपया घेऊ नका, ४,००,००० च लिहा. आयकर प्रत्येक टप्प्यात फक्त त्या टप्प्यात पडणाऱ्या रकमेवर लागतो, त्यामुळे सीमेवरच्या माणसाचा कर खालच्या ओळीने काढा की वरच्या, सारखाच येतो. पीडीएफमधून उचललेले आकडे पुष्कळदा मजकूर म्हणून बसतात. एका रिकाम्या खान्यात =COUNT(Slab!A2:A8) लिहून बघा, उत्तर ७ आलं पाहिजे.

पगाराच्या शीटमध्ये E2 ला वर्षाचं उत्पन्न धरू. F2 मध्ये करपात्र रक्कम दहाच्या पटीत आणा, G2 मध्ये टप्प्यांचा कर काढा:

```
F2: =ROUND(MAX(0,E2-75000),-1)
G2: =VLOOKUP(F2,Slab!$A$2:$C$8,2,TRUE)
 +(F2-VLOOKUP(F2,Slab!$A$2:$C$8,1,TRUE))
 *VLOOKUP(F2,Slab!$A$2:$C$8,3,TRUE)
```

TRUE म्हणजे नेमकी रक्कम सापडली नाही तर तिच्या लगतची लहान रक्कम घे. FALSE लिहिलंत तर जवळजवळ सगळीकडे #N/A येईल, ते निदान लगेच कळतं. A स्तंभ चढत्या क्रमाने नसेल तर मात्र शीट काही न बोलता भलतंच उत्तर देते. डॉलरची चिन्हं राहून गेली तरी चूक लगेच दिसत नाही. सूत्र खाली ओढलं की तक्त्याची कक्षा एकेक ओळ खाली सरकते. साडेबारा लाखवाल्याला १२ लाखांची ओळ लागते आणि ती चौथी आहे, म्हणून पहिले चार कर्मचारी बरोबर येतात आणि पाचव्याला #N/A. शीटमध्ये तिघेचौघेच असतील तर पत्ताही लागत नाही.

एक हिशेब करून पाहू. वर्षाचा पगार १३,४०,०००, वजावट जाऊन १२,६५,०००. VLOOKUP १२ लाखांच्या ओळीवर थांबतो. तिथवरचा कर ६०,०००, वरच्या ६५,००० वर १५ टक्क्यांनी ९,७५०, एकूण ६९,७५०. पण इथे थांबू नका. १२ लाखांपर्यंत करपात्र उत्पन्न असलेल्या निवासी व्यक्तीला पूर्ण करसूट आहे, आणि त्याच्या थोडं वर गेलेल्याला मार्जिनल रिलीफ मिळतो: १२ लाखांवर जितके रुपये गेले, त्याहून जास्त कर घ्यायचा नाही. इथे वर गेले ६५,०००, म्हणून कर ६५,०००, आणि ४ टक्के उपकर धरून ६७,६००. यासाठीही IF लागत नाही:

```
H2: =ROUND(MIN(G2,MAX(0,F2-1200000))*1.04,-1)
```

१२ लाखांच्या आत MAX शून्य देतो, म्हणून करही शून्य. १२,७०,५८८ च्या आसपास दोन्ही रकमा सारख्या होतात आणि त्यापुढे G2 च लहान ठरतो. ५० लाखांवरच्या उत्पन्नाला अधिभार लागतो, तो या सूत्रात नाही. असा कर्मचारी असेल तर त्याचा हिशेब वेगळा करा.

टप्पे बदलले तर ओळींची संख्याही बघा. २०२४-२५ मध्ये सहा टप्पे होते, २०२५-२६ मध्ये सात झाले. सूत्रातली कक्षा C7 वरच राहिली असेल तर २४ लाखांच्या वरच्या माणसाला २५ टक्केच लागतील आणि तक्रार करायलाही कुणी येणार नाही. F2 मध्ये तात्पुरते २५ लाख टाका, G2 ३,३०,००० आलं पाहिजे.

आयकर केंद्राचा, त्यामुळे कर्नाटकातल्या निपाणीत आणि महाराष्ट्रातल्या कागलमध्ये तोच. व्यवसाय कर राज्याचा, आणि तो माणूस राहतो कुठे यावर नाही, नोकरी कुठे करतो यावर ठरतो. संस्थेची एक शाखा कागलला असेल तर दोन्ही राज्यांचे वेगळे तक्ते लागतील. इथे टप्प्याची सबंध रक्कम एकदम बदलते, त्यामुळे पहिली ओळ ० ची ठेवून साधा VLOOKUP पुरतो, पण सीमेवरचा एक रुपया आता महत्त्वाचा ठरतो. कर्नाटकात महिन्याला २५,००० आणि त्यावर २०० रुपये, म्हणून सुरुवात २५००० लिहायची. महाराष्ट्रात पुरुषांना ७,५०० पर्यंत काही नाही, १०,००० पर्यंत १७५ आणि त्यावर २००, म्हणून तिथे सुरुवात ७५०१ आणि १०००१. स्त्रियांना महाराष्ट्रात २५,००० पर्यंत माफी आहे, म्हणून त्यांच्या तक्त्यात सुरुवात २५००१. म्हणजे बरोबर २५,००० पगार असलेल्या बाईंचे निपाणीत २०० कापायचे आणि कागलला एकही रुपया नाही. फेब्रुवारीत २०० च्या जागी ३०० दोन्हीकडे आहेत, त्या महिन्यासाठी तक्त्यात एक स्तंभ जादा ठेवा.