‘मामा, हे काय आहे?’ : फोटोतल्या ग्राफवरून समीकरण कसं काढायचं

निपाणीची भाची पीयूसीला आहे. परवा तिनं वहीतल्या ग्राफचा फोटो पाठवला, खाली एवढंच: ‘मामा, हे काय आहे?’ वर्गात फळ्यावरून उतरवून घेतलेला ग्राफ, पण समीकरण लिहून घ्यायचं राहिलेलं.

आधी फोटो मोठा करून बघा. मोबाइल तिरका धरला असेल तर लांबचे चौकोन बारीक दिसतात, म्हणून पट्टी लावू नका, चौकोन मोजा. वहीची छापील रेघ कुठली आणि हातानं काढलेली कुठली, हेही वेगळं करा. मी एकदा छापील रेघच ग्राफचा भाग समजून अर्धा तास घालवला होता.

हातानं काढलेल्या वक्राच्या प्रत्येक बिंदूवर भरवसा ठेवता येत नाही. भरवसा ठेवायचा तो काढणाऱ्यानं मुद्दाम दाखवलेल्या गोष्टींवर. इथं x = 2 वर उभी तुटक रेघ होती, y = 1 वर आडवी. वक्राचे दोन तुकडे या रेघांच्या जवळ जात होते, पण टेकत नव्हते. डावा तुकडा x-अक्षाला −1 वर कापत होता.

उभ्या रेघेपाशी एक तुकडा खाली बुडतो आणि दुसरा वर चढतो, म्हणजे छेदात x − 2 एकदाच आहे. दोन्ही वरच गेले असते तर वर्ग धरावा लागला असता. आडवी रेघ १ वर, म्हणून पहिला अंदाज:

```
y = 1 + k/(x - 2)
```

x = −1 ला y शून्य हवा: 0 = 1 − k/3, म्हणून k = 3. एकत्र केलं की y = (x + 1)/(x − 2).

आता न वापरलेली खूण तपासा. x = 0 ठेवला की y = −0.5 येतो. फोटोतही वक्र y-अक्षाला शून्याच्या खाली अर्ध्या चौकोनावर कापत होता. हे जुळलं नसतं तर k नव्हे, साचाच बदलावा लागला असता. अक्षांवर आकडेच नसतील तर मात्र साच्यापुढे जाता येत नाही. तेव्हा सरळ विचारा, ‘एक चौकोन म्हणजे किती गं?’

उत्तर पाठवणार, तेवढ्यात उजव्या तुकड्यावर (5, 2) पाशी शाईचा ठिपका दिसला. मोठा करून बघितला, तर आतून पोकळ! तो ठिपका नव्हता, बारीक गोल होता: तिथं वक्राला भोक आहे. आपल्या समीकरणात x = 5 ला y नेमका २ येतो, म्हणजे गोल वक्रावरच बसतो. मग अंशात आणि छेदात दोन्हीकडे x − 5 असणार:

```
y = (x² - 4x - 5)/(x² - 7x + 10)
```

असा ग्राफ देणारी समीकरणं आणखीही निघतील, त्यामुळं ‘बहुतेक हेच’ असं लिहून पाठवलं. तासाभरानं उत्तर आलं: ‘मैत्रिणीच्या वहीत हेच आहे. तो गोल मला पेनचा डाग वाटला होता.’