हीटरपेक्षा एसीची ऊब स्वस्त, पण एसी ‘हॉट अँड कोल्ड’ हवा

थंडीत खोली उबदार ठेवायला दीड किलोवॉटचा हीटर रोज चार तास चालवलात, तर ६ युनिट जळतात. कॉइलचा असो की ऑइलचा, एका युनिटमागे उष्णता एकाच युनिटची मिळते. ‘कमी वीज खाणारा हीटर’ ही निव्वळ जाहिरात. हॉट अँड कोल्ड एसी मात्र बाहेरच्या हवेतली उष्णता ओढून आत आणतो. त्याचा सीओपी, म्हणजे एका युनिट विजेमागे मिळणारी उष्णतेची युनिटं, ३ असेल, तर तेवढ्याच उबेला २ युनिट पुरतात. युनिट ८ रुपयांनी धरलं, तर रोजचे ४८ आणि १६.

सीओपीचा आकडा साधारणपणे बाहेर ७ अंश असताना मोजलेला असतो. पुणे-नाशिकच्या रात्री सहसा याहून उबदारच, त्यामुळे इथे तो गाठता येतो. कडाक्याच्या थंडीत तो घसरतो आणि बाहेरच्या युनिटवर बर्फ धरतो. मग एसी मधूनच काही मिनिटं ऊब थांबवून बर्फ वितळवतो. तो बिघाड नव्हे.

खरेदी करताना स्टार लेबलवर विसंबू नका, त्यावरचा आयएसईईआर हा कार्यक्षमतेचा आकडा फक्त गारव्याचा असतो. हीटिंगचा सीओपी वेगळा विचारा. आणि रिमोटवर ३० नको, २१ ठेवा.