आगाऊ रकमेवरचा टीडीएस दोनदा कापला जाऊ नये म्हणून

अंधेरीच्या आमच्या ऑफिसात एसी दुरुस्तीच्या कंपनीला जूनमध्ये ४०,००० आगाऊ दिले, जुलैत १,००,००० अधिक १८,००० जीएसटीचं बिल आलं. आगाऊ रक्कम बिलाला जोडली नव्हती, म्हणून सॉफ्टवेअरने पूर्ण लाखावर पुन्हा टीडीएस कापला.

आता असं करतो:

१. आगाऊ देतानाच २ टक्के, म्हणजे ८०० कापून ३९,२०० देतो. ८०० ‘टीडीएस देय’ खात्यात जमा.

२. बिल नोंदवताना आधी आगाऊ रक्कम जोडतो. जीएसटी बिलात वेगळा दाखवलेला असल्याने तो सोडून उरलेल्या ६०,००० वर १,२०० कापतो. हातात द्यायचे ७६,८००.

३. प्रत्येक कपातीच्या ओळीत चलन क्रमांक आणि भरल्याची तारीख लिहितो. चलन रिकामं असलेल्या ओळींची बेरीज ‘टीडीएस देय’च्या शिलकीशी जुळलीच पाहिजे. नाही जुळली, तर कुणीतरी थेट जर्नल नोंद मारलेली असते, बहुतेक वेळा आपणच!

४. प्रमाणपत्रासाठी वेगळा रकाना. ८०० पहिल्या तिमाहीत, १,२०० दुसऱ्या. त्यामुळे प्रमाणपत्रं दोन निघतात. पुरवठादाराचा ‘पैसे कमी दिसतात’ असा फोन आला, तर हेच सांगायचं.

जपायचं एवढंच: जूनची कपात ७ जुलैपर्यंत भरा. ८ तारखेला भरली, तर दीड टक्का दरमहा व्याज कपातीच्या तारखेपासून, जून आणि जुलै असे दोन महिने धरून लागतं.